वुजूचं पाणी, कोरडी थंडी आणि अम्मीच्या नडग्या

डिसेंबर लागला की आमच्या मालेगावात पहाटेची हवा अशी कोरडी होते की दोरीवरचे कपडे उन्हाआधीच अर्धे वाळतात. माणसाच्या कातडीचंही तेच होतं. तरुणांचे ओठ फुटतात, गाल ओढल्यासारखे होतात. थोडं काही लावलं की भागतं. पासष्टी-सत्तरी ओलांडलेल्यांचं मात्र तेवढ्यावर भागत नाही. त्यांच्या नडग्या, हात, कंबर, पाठ खाजू लागते. रात्री रजईत ऊब आली की खाज आणखी वाढते. सकाळी पाहावं तर पायावर नखांचे ओरखडे आणि चादरीवर पांढरा कोंडा.

घरात याला दोनच उत्तरं मिळतात. एक म्हणजे "उम्र का तकाज़ा है". दुसरं म्हणजे टीव्हीवर दिसलेलं एखादं सुगंधी लोशन. पहिल्या उत्तरात उपाय नाही. दुसरं उत्तर विशीतल्या चेहऱ्यासाठी बनलेलं असतं. पहाटेच्या थंडीत उठून कडक पाण्याने वुजू करणारी, दिवसातून पाच वेळा तोंड, कोपरापर्यंत हात आणि घोट्यापर्यंत पाय धुणारी बहात्तर वर्षांची बाई ते बनवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नसते. आपल्या घरात तर तीच असते. म्हणून तिच्यासाठी क्रीम कसं निवडायचं, एवढ्याच प्रश्नाबद्दल लिहिते आहे.

आधी खाज का येते ते पाहू, कारण निवड त्यावरच ठरते. कातडीचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मेलेल्या चपट्या पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधला स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना. हा चुना शाबूत असेल तर आतलं पाणी आत राहतं आणि बाहेरचा साबण, धूळ, थंडी बाहेर राहते. वय वाढतं तसा हा चुना कमी तयार होतो. कातडीला वरून तेलकटपणा देणाऱ्या ग्रंथीही मंदावतात. नडगीवर या ग्रंथी मुळातच कमी असतात, म्हणून बहुतेक म्हाताऱ्या माणसांची तक्रार नडगीपासूनच सुरू होते. त्यात थंडीची हवा. थंड हवेत वाफ कमी मावते, त्यामुळे ती कातडीतलं पाणी ओढून घेते. भिंत सुकते, आक्रसते, तिला भेगा पडतात. भेगांतून साबण आणि लोकर आतल्या नसांना टोचू लागतात. त्या टोचण्यालाच आपण खाज म्हणतो.

भेगा फार वाढल्या तर नडगीवर आटलेल्या तळ्याच्या चिखलासारखी जाळी दिसते आणि त्या रेषा लालसर होतात. डॉक्टर त्याला एस्टिटॉटिक एक्झिमा म्हणतात. तिथवर पोचण्याआधी ओळखायची एक सोपी खूण आहे. नडगीवर नखाने हलकी रेघ ओढा. पाटीवर खडूने ओढावी तशी पांढरी रेघ उमटून राहिली, तर कातडी कोरडी पडलेली आहे.

माझ्या अम्मीची रेघ दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत अशी उमटत होती. तिचं वय तेव्हा बहात्तर. रक्तदाबाची गोळी चालू होती आणि त्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं. अशी औषधं काही जणांची कातडी आणखी कोरडी करतात. तिचा दिवस असा असायचा. फजरला गीझरच्या वाफाळत्या पाण्याने वुजू. सकाळी तितक्याच गरम पाण्याने आंघोळ, सर्वांगाला साबण, वर प्लास्टिकच्या घासणीने नडग्या खसाखसा घासायच्या, कारण तिथला पांढरा कोंडा तिला मळ वाटायचा. मग टॉवेलने रगडून कोरडं व्हायचं आणि तासाभराने, स्वयंपाक आटोपल्यावर, सरसोंचं तेल चोळायचं. आमच्या गावातल्या अनेक विणकर घराण्यांचे पूर्वज उत्तरेतून आले आणि येताना हे तेल घेऊन आले. ते लोणच्यात आहे आणि अंगालाही आहे.

एवढं करूनही खाज थांबेना तेव्हा माझ्या भावाने एका औषधाच्या दुकानातून "खाजेची ट्यूब" आणली. चिठ्ठी कुणी मागितली नाही. ती लावल्यावर चार दिवसांत आराम पडला, म्हणून अम्मीने ती महिनाभर लावली. ट्यूब संपली की खाज दुप्पट व्हायची, मग दुसरी ट्यूब. जानेवारीत तिच्या नडगीची कातडी सिगारेटच्या कागदासारखी पातळ दिसू लागली आणि मोरीच्या उंबऱ्याला नुसता पाय घासला तरी रक्त आलं. आम्ही त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ट्यूब उलटी करून नाव वाचून दाखवलं: क्लोबेटासोल. हे फार तीव्र स्टिरॉइड आहे. बाजारातल्या अशा पुष्कळ ट्यूबमध्ये क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन असतं आणि सोबत बुरशीचं व जंतूंचं औषध मिसळलेलं असतं. स्टिरॉइड आग आणि खाज दाबतं, पण भिंतीला चुना देत नाही, उलट भिंत पातळ करतं. लाल झालेल्या एक्झिमाला डॉक्टर स्वतः थोडे दिवस स्टिरॉइड देतात, ते मोजून आणि मुदत ठरवून. नुसत्या कोरडेपणावर ते महिनोन्‌महिने चोळणं हा वेगळाच प्रकार आहे. क्रीम निवडण्याची पहिली पायरी म्हणूनच ही: ट्यूबवर या दोनपैकी एखादं नाव असेल तर ते मॉइश्चरायझर नव्हे.

मग मॉइश्चरायझर म्हणजे काय? नाव ऐकून वाटतं की ते कातडीला पाणी देत असेल. खरं तर पाणी आपल्याकडे आधीच असतं, आंघोळीचं आणि वुजूचं. क्रीमचं मुख्य काम ते पाणी उडून जाऊ न देणं. ही कामं करणारे घटक डब्याच्या मागे लिहिलेले असतात. पांढरं मऊ पॅराफीन, म्हणजेच पेट्रोलियम जेली, आणि लिक्विड पॅराफीन हे झाकण घालतात. झाकण घालण्यात पेट्रोलियम जेलीच्या तोडीचं फारसं काही नाही. ग्लिसरीन आणि युरिया पाणी धरून ठेवतात. सेरामाइड हा तर त्या चुन्याचाच एक भाग. चांगल्या क्रीममध्ये धरून ठेवणारं एक आणि झाकण घालणारं एक, असे दोन्ही असतात. नुसतं ग्लिसरीन कोरड्या हवेत कोरड्या कातडीवर लावलं तर चिकटपणाच जास्त वाटतो. ते ओल्या कातडीवर लावून वर झाकण घातलं तर उपयोगी पडतं. ग्लिसरीन, गुलाबपाणी आणि लिंबू असं घरगुती मिश्रण पुष्कळ घरांत होतं. त्यातलं लिंबू भेगाळलेल्या कातडीवर झोंबतं, ते वगळावं.

दुसरा फरक घट्टपणाचा. लोशन पातळ असतं, त्यात पाणी जास्त आणि स्निग्धता कमी. ते सहज पसरतं, तसंच लवकर उडून जातं. क्रीम त्याहून घट्ट. मलम, म्हणजे पेट्रोलियम जेलीसारखं, सर्वांत घट्ट आणि सर्वांत टिकाऊ. म्हाताऱ्या कातडीला थंडीत लोशन सहसा पुरत नाही. बाटलीतून ओतता येतं ते पातळ, डब्यातून बोटाने काढावं लागतं ते घट्ट, एवढी ओळख दुकानात पुरते.

तिसरी गोष्ट म्हणजे जे नसावं ते. सुगंध नसावा. अत्तराची आवड आपल्या घरात असते, पण ते कपड्यांसाठी ठेवावं. भेगाळलेल्या कातडीला सुगंधी द्रव्यांनी पुरळ येऊ शकतं. "हर्बल" लिहिलेल्या डब्यातही सुगंध असू शकतो, तेव्हा पुढचं चित्र पाहू नये, मागची यादी वाचावी.

ही यादी वाचतानाच अम्मी अडली होती. डॉक्टरांनी सांगितलेल्या क्रीमवर तिला "सेटोस्टिअरिल अल्कोहोल" असं दिसलं आणि तिने डबा बाजूला ठेवला. "शराब लगा के नमाज़ कैसे पढ़ूँ?" हा प्रश्न मी शाळेतल्या सहकाऱ्यांकडूनही ऐकला आहे, त्यामुळे त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. रसायनशास्त्रात अल्कोहोल हे एका मोठ्या कुळाचं नाव आहे. नशा आणणारं इथाइल अल्कोहोल हा त्यातला एक सदस्य. सेटिल, स्टिअरिल, सेटोस्टिअरिल हे दुसरे सदस्य. ते मेणासारखे पांढरे घट्ट पदार्थ असतात, नारळाच्या किंवा पामच्या तेलापासून बनवता येतात, त्यांनी नशा येत नाही आणि कातडी सुकत नाही. उलट मऊ होते. सुकवतं ते इथाइल अल्कोहोल, यादीत "अल्कोहोल डिनॅट" असं लिहिलेलं. ते यादीत वरच्या क्रमांकावर असेल तर कोरड्या कातडीसाठी तो डबा तसाही घेऊ नये. ग्लिसरीन आणि स्टिअरिक आम्ल वनस्पतीपासून येतं तसंच जनावराच्या चरबीपासूनही येऊ शकतं. ज्यांना तो प्रश्न महत्त्वाचा वाटतो त्यांच्यासाठी साधी पेट्रोलियम जेली आणि लिक्विड पॅराफीन हा मोकळा रस्ता आहे, कारण ती खनिज तेलापासून बनतात.

आता तेलांचं. सरसोंच्या तेलाबद्दल आपल्या भावना आहेत, पण प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने भिंतीची डागडुजी मंदावल्याचं दिसलं आहे, आणि भेगांवर ते झोंबतं हे अम्मीने स्वतः अनुभवलं आहे. ऑलिव्ह तेलाला आपल्याकडे मान आहे, त्याचं खाण्यातलं स्थान वेगळं. पण कातडीवर रोज चोळल्यावर त्यातलं ओलिक आम्ल भिंतीचा चुना सैल करतं. खोबरेल त्यामानाने बरं. कोरड्या कातडीवर ते खनिज तेलाइतकंच उपयोगी पडल्याचं तुलनेत दिसलं आहे. घरात दुसरं काही नसेल तर खोबरेल लावावं, पण तेही अंग ओलसर असताना.

या "ओलसर असताना" वरच सगळं अडतं. अम्मी तासाभराने तेल लावायची, तोवर पाणी उडून गेलेलं असायचं. डॉक्टरांनी वेळ मोजून दिली: अंग टिपल्यावर तीन मिनिटांच्या आत. टिपायचं, रगडायचं नाही. पाणी कोमट, कोपर बुडवलं तर ऊबदार वाटेल इतकंच. आंघोळ दहा मिनिटांत उरकायची. साबण फक्त काखेत, जांघेत आणि पायाला. नडगी-पाठीवर नुसतं पाणी. घासणी बंद.

वुजूचा प्रश्न यानंतर आला. दर वेळी क्रीम धुतलं जाणार, मग लावायचं कशाला? आणि क्रीमचा थर राहिला तर पाणी कातडीला लागेल का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला अम्मीच्या पायावरच सापडलं. वुजूत पाय घोट्यापर्यंत धुतात. सर्वांत जास्त खाजते ती नडगी घोट्याच्या वर आहे. म्हणजे जिथे सर्वांत घट्ट मलम हवं, तिथे वुजूचं पाणी जातच नाही. तिथे पेट्रोलियम जेली बिनधास्त लावता येते आणि ती दिवसभर टिकते. धुतले जातात ते हात, चेहरा आणि पावलं. तिथे साधं, मुरणारं क्रीम घ्यावं, ते वुजूनंतर लावावं आणि पुढच्या वुजूपर्यंत मुरू द्यावं. कातडीवर नुसता स्निग्धपणा उरणं आणि पाणी अडवणारा मेणासारखा थर बसणं यात आपले आलिम फरक करतात. शंका असेल तर क्रीमचा डबा घेऊन त्यांनाच दाखवावा. आम्ही दाखवला आणि अम्मीचं समाधान झालं.

वेळेचं गणितही नमाजनेच सोपं केलं. थंडीत इशा लवकर होते आणि फजर उशिरा, त्यामुळे इशानंतर फजरपर्यंत दहा तासांच्या आसपास हातापायांना पाणी लागत नाही. दिवसात एवढी मोठी सलग वेळ दुसरी मिळत नाही, आणि खाज रात्रीच वाढते. म्हणून मुख्य लेप इशानंतर. दुसरा आंघोळीनंतर. मधल्या वुजूंनंतर हातापायांना नुसता पुसटसा हात. पाच वेळा पाणी लागणं हे म्हाताऱ्या कातडीचं नुकसान आहे असं मला आधी कुणी सांगितलं असतं तर पटलं असतं. पण पाणी उडून जाऊ दिलं तरच नुकसान. त्यावर लगेच क्रीम लावलं तर तीच पाच संधी.

किती लावायचं, हा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि बहुतेक वेळा तिथेच चुकतं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून रेघ काढली तर ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. पावलासकट एका पायाला अशा आठ रेघा, पंजासकट एका हाताला चार. दोन पाय आणि दोन हात मिळून चोवीस रेघा, म्हणजे बारा ग्रॅम. दिवसातून दोनदा म्हटलं तर चोवीस ग्रॅम. पन्नास ग्रॅमची ट्यूब दोन दिवसांत संपली पाहिजे! आपल्या घरात ती दोन महिने पुरते, आणि मग आपण म्हणतो की क्रीमने फरक पडला नाही. महागडी छोटी ट्यूब घेऊन जपून वापरण्यापेक्षा साधा मोठा डबा घेऊन सढळ हाताने लावणं जास्त गुणकारी. ज्याचा मोठा डबा दर आठवड्याला परवडेल, तेच तुमच्यासाठी योग्य क्रीम.

अम्मीचं शेवटी असं ठरलं. स्टिरॉइड डॉक्टरांनी एकदम बंद न करता सौम्य देऊन पंधरा दिवसांत सोडवलं. नडग्यांना पेट्रोलियम जेली. हात आणि पावलांना लिक्विड पॅराफीन व ग्लिसरीन असलेलं बिनसुगंधी क्रीम. भेगा भरल्यावर, तिसऱ्या आठवड्यापासून, जाड झालेल्या टाचांना दहा टक्के युरियाचं क्रीम. युरिया आधी दिलं नाही, कारण उघड्या भेगांवर ते झोंबतं आणि मग म्हातारं माणूस डब्याला पुन्हा हात लावत नाही. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत काहीही लावायचं नाही, तिथे ओल साचून बुरशी होते. मधुमेह असलेल्यांनी हे विशेष पाळावं. आठवडाभरात तिची रात्रीची झोप सुधारली. महिन्याने नडगीवर नखाची पांढरी रेघ उमटेना. पातळ झालेली कातडी मात्र पूर्ववत झाली नाही, ती आजही जपावी लागते.

दोन धोके ध्यानात असू द्या. जेली लावलेली पावलं मोरीच्या फरशीवर सटकतात. म्हाताऱ्या माणसाचं कंबरडं मोडायला एवढं पुरे, म्हणून लेप पलंगावर बसून लावावा आणि वर सुती मोजे घालावेत. दुसरा धोका आगीचा. पॅराफीन किंवा तेल मुरलेले कपडे आणि चादरी झटकन पेट घेतात आणि वेगाने जळतात. धुतल्यावरही ते पूर्ण निघत नाही. शेकोटी, शेगडी, गॅस आणि विडी-सिगारेट यांच्यापासून लांब राहावं. थंडीत शेकत बसणं आणि अंगाला जेली असणं दोन्ही एकाच मोसमात येतं, म्हणून हे सांगते आहे.

आणि सगळी खाज कोरडेपणाची नसते. दोन आठवडे नीट, भरपूर क्रीम लावूनही खाज तशीच असेल तर डॉक्टरांकडे जा. कातडी कोरडी दिसत नाही पण सर्वांग खाजतं, डोळे पिवळे दिसतात, वजन उतरतं आहे, तर खाज मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड किंवा रक्ताच्या आजाराची असू शकते आणि रक्ताची तपासणी लागते. बोटांच्या बेचक्यांत पुरळ आहे आणि घरात आणखी कुणाला रात्री खाज सुटते, तर ती खरूज असू शकते. तिचं औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावावं लागतं. म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर खाजेसोबत घट्ट पाण्याचे फोड आले तर थांबू नका. जखमेतून पू येत असेल, लाली पसरत असेल, ताप असेल तर त्याच दिवशी जा. जाताना घरात वापरलेल्या सगळ्या ट्यूब आणि चालू गोळ्या पिशवीत घालून न्या. डॉक्टरांना नेमकं काय लावलं गेलं हे त्या पिशवीतूनच कळतं. "ती पांढरी ट्यूब" एवढं सांगून कळत नाही.